समन्वय : कार्य की सार? एका प्रश्नाची चार उत्तरे

स्मरणिकेसाठी लेखणी हाती घेतली की आठवणी लिहाव्यात, असा आपल्याकडे प्रघात आहे. आम्हालाही वसतिगृहाच्या आठवणी पुष्कळ आहेत. परंतु या वेळी आम्ही एका परीक्षेतील प्रश्नाविषयी लिहिणार आहोत. प्रश्न लहान आहे. मात्र त्याच्या उत्तराशी आपल्या शाळेतून वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्या मुलामुलींचे गुण निगडित आहेत, आणि गुणांहून अधिक असे काही निगडित आहे, हे वाचकांच्या पुढे लक्षात येईल.

आम्ही काही माजी विद्यार्थी रविवारी अभ्यासिकेत अकरावी-बारावीच्या मुलांचे व्यवस्थापन व लेखाकर्म हे विषय घेतो. पदवीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या सामाईक विद्यापीठ प्रवेश परीक्षेला, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'सीयूईटी'ला, आता आपली मुलेही बसू लागली आहेत. एका रविवारी आम्हीच तयार केलेल्या सराव प्रश्नपत्रिकेत पुढील प्रश्न होता : खालीलपैकी व्यवस्थापनाचे कार्य कोणते नाही? पर्याय चार : नियोजन, कर्मचारी नियुक्ती, समन्वय, नियंत्रण.

वर्गातील सर्वांत मेहनती मुलगी या प्रश्नापाशी दहा मिनिटे अडली. अखेरीस तिने 'नियंत्रण' या पर्यायावर खूण केली आणि ते उत्तर चुकले. नंतर तिला कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सर, चारही कार्ये आमच्या पुस्तकात आहेत. एक तरी खोटे असणार म्हणून अंदाजाने लावले." अपेक्षित उत्तर 'समन्वय' हे आहे असे सांगताच ती क्षणभर गप्प राहिली. मग तिने विचारले, "म्हणजे आमचे पुस्तक चुकीचे आहे का?"

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. तिचे पुस्तक चुकीचे नव्हते. आम्ही तयार केलेला प्रश्नही, ज्या परीक्षेसाठी तो होता तिच्या दृष्टीने, चुकीचा नव्हता. चूक होती ती आमच्या शिकवण्यात. व्याख्या कोणाची, कोणत्या पुस्तकातील आणि कोणत्या परीक्षेपुरती, हे आम्ही तिला कधी सांगितलेच नव्हते.

आता हेच चार पर्याय चार निरनिराळ्या ग्रंथांसमोर ठेवून पाहू.

राज्य मंडळाच्या बारावीच्या २०२० पासूनच्या पाठ्यपुस्तकात व्यवस्थापनाची सहा कार्ये दिली आहेत : नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय आणि नियंत्रण. या पुस्तकानुसार आमच्या प्रश्नातील चारही पर्याय कार्येच ठरतात आणि प्रश्नाला उत्तरच उरत नाही. आमची विद्यार्थिनी अडली ती यामुळेच. ती अभ्यासात कमी पडली नव्हती. तिने अभ्यास केला होता म्हणूनच ती अडली.

एनसीईआरटीच्या बारावीच्या व्यवसाय अध्ययनाच्या पुस्तकात कार्ये पाच आहेत : नियोजन, संघटन, कर्मचारी नियुक्ती, निर्देशन आणि नियंत्रण. समन्वयाचा विचार तेथेही विस्ताराने आहे, परंतु तो कार्यांच्या यादीत नाही. या पाचही कार्यांना एकत्र बांधणारी शक्ती, व्यवस्थापनाचे सार, अशा स्वरूपात समन्वय तेथे येतो. म्हणून या पुस्तकानुसार उत्तर 'समन्वय'.

आता तिसरा ग्रंथ. आँरी फेयॉल हे फ्रान्समधील खाण अभियंता. १८८८ ते १९१८ अशी तीस वर्षे त्यांनी एका मोठ्या खाण व पोलाद कंपनीचा कारभार पाहिला आणि त्या अनुभवावर १९१६ मध्ये व्यवस्थापनावरील आपले प्रसिद्ध लेखन प्रकाशित केले. त्यांनी व्यवस्थापनाचे पाच घटक सांगितले : पूर्वानुमानासह नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण. येथे समन्वय स्पष्टपणे यादीत आहे. कर्मचारी नियुक्ती मात्र स्वतंत्र घटक म्हणून नाही. माणसे निवडणे व त्यांची योग्य जागी योजना करणे हा भाग त्यांनी संघटनात धरला. म्हणजे हाच प्रश्न 'फेयॉल यांच्या मते' या शब्दांनी सुरू झाला, तर उत्तर 'कर्मचारी नियुक्ती'.

चौथा ग्रंथ अमेरिकेतील लूथर गुलिक यांचा. १९३७ मध्ये गुलिक आणि लिंडॉल अर्विक यांनी संपादित केलेल्या लेखसंग्रहात गुलिक यांनी प्रशासनप्रमुखाची कामे सांगण्यासाठी 'पॉस्डकॉर्ब' हा शब्द घडवला. त्यात सात कामे आहेत : नियोजन, संघटन, कर्मचारी नियुक्ती, निर्देशन, समन्वय, अहवाल देणे आणि अंदाजपत्रक. या शब्दात मुले हमखास फसतात. इंग्रजीत लिहिताना त्यातील 'सी' आणि 'ओ' ही दोन अक्षरे मिळून समन्वय हे एकच काम दर्शवतात; मुले त्यांची दोन कामे करतात आणि आठवे काम शोधत बसतात. आपल्या प्रश्नापुरती महत्त्वाची गोष्ट अशी, की या यादीत 'नियंत्रण' हा शब्द स्वतंत्रपणे नाही. म्हणून 'गुलिक यांच्या मते' असा प्रश्न आला, तर उत्तर 'नियंत्रण'.

म्हणजे शब्द तेच, पर्याय तेच. तरीही एका ठिकाणी उत्तर समन्वय, दुसऱ्या ठिकाणी कर्मचारी नियुक्ती, तिसऱ्या ठिकाणी नियंत्रण आणि चौथ्या ठिकाणी उत्तरच नाही. चौघांनाही निर्विवाद मान्य असलेले असे एकच कार्य या पर्यायांत आहे, ते म्हणजे नियोजन. ज्या मुलाला हे ठाऊक नाही, त्याला परीक्षा म्हणजे नशिबाचा खेळ वाटते. ज्याला ठाऊक आहे, तो आधी प्रश्न कोणाच्या घरचा आहे हे पाहतो.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. एवढे मोठे विद्वान एका साध्या यादीवर सहमत का होऊ शकले नाहीत? हा मतभेद निष्काळजीपणातून आलेला नाही. प्रत्येकाची उभे राहण्याची जागा वेगळी होती, म्हणून याद्या वेगळ्या झाल्या. ते समजण्यासाठी आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जाऊ.

दोनशे मुलांचे रात्रीचे जेवण आठ वाजता द्यायचे आहे. आज किती पाने होतील, किती पीठ मळायचे, हे ठरवणे म्हणजे नियोजन. भाजी कोणी चिरायची, पोळ्या कोणी लाटायच्या, वाढप कोणाकडे, ही कामांची वाटणी म्हणजे संघटन. नवा आचारी शोधून त्याला कामावर घेणे आणि शिकवणे म्हणजे कर्मचारी नियुक्ती. काम चालू असताना सूचना देणे, अडलेल्याला हात देणे, कंटाळलेल्याला उभारी देणे म्हणजे निर्देशन. जेवणे झाल्यावर किती अन्न उरले ते पाहून उद्याचे प्रमाण बदलणे म्हणजे नियंत्रण. आता असे समजा, की चाळीस मुले खेळाच्या सामन्यांसाठी बाहेरगावी गेली आहेत आणि क्रीडाशिक्षकांनी ते स्वयंपाकघराला कळवलेच नाही. चाळीस पानांचे अन्न वाया गेले. स्वयंपाकघराचे नियोजन त्याच्यापुरते ठीक होते, क्रीडा विभागाचेही ठीक होते. दोहोंना जोडणारा धागा नव्हता. तो धागा म्हणजे समन्वय.

हा धागा जोडणे हे एक वेगळे काम आहे की इतर पाच कामे नीट केल्याचा परिणाम आहे, एवढाच सगळा वाद आहे.

फेयॉल यांचे उत्तर असे, की ते वेगळे काम आहे. खाण, भट्टी, विक्री, हिशेब असे अनेक विभाग त्यांनी वर्षानुवर्षे एका वेळी चालवले होते. प्रत्येक विभाग आपापल्या परीने चांगले काम करत असूनही एकमेकांना अडवतो, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून विभागप्रमुखांची दर आठवड्याला बैठक घ्यावी, असा उपाय त्यांनी सांगितला. ज्या कामाला स्वतःचा वार आहे, स्वतःची बैठक आहे, ते काम यादीत स्वतंत्र असणारच. आपल्या उदाहरणात सांगायचे, तर अधीक्षकांनी दर शनिवारी स्वयंपाकघर, क्रीडा आणि अभ्यासिका या तिन्ही विभागांच्या प्रमुखांना एकत्र बसवावे, असे फेयॉल म्हणाले असते.

हॅरल्ड कून्ट्झ आणि सिरिल ओ'डॉनेल यांनी १९५५ मध्ये व्यवस्थापनाची तत्त्वे सांगणारे जे पाठ्यपुस्तक लिहिले, त्यात पाच कार्यांची मांडणी रूढ झाली. त्यांची दृष्टी वेगळी होती. नियोजन करतानाच बाहेर जाणाऱ्या मुलांची चौकशी झाली असती, संघटन करतानाच कोणी कोणाला कळवायचे हे ठरले असते, तर बैठकीवाचूनही चाळीस पाने वाचली असती. प्रत्येक कार्य नीट झाले की समन्वय आपोआप साधतो. म्हणून तो सहावे कार्य नव्हे, तर सर्व कार्यांचे सार होय. एनसीईआरटीचे पुस्तक याच परंपरेत बसते. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकाने पाचही कार्ये घेतली आणि फेयॉल यांच्याप्रमाणे समन्वयही यादीत ठेवला.

गुलिक यांचा विषय कारखाना नव्हता, सरकार होते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची पुनर्रचना सुचवणाऱ्या समितीसाठी त्यांचे त्या काळातील काम चालले होते. आपली यादी फेयॉल यांच्या मांडणीवरूनच बेतलेली आहे, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. परंतु सरकारी प्रमुखाच्या हाती नियंत्रणाची साधने दोनच : खालून वर येणारे अहवाल आणि पैशाला लगाम घालणारे अंदाजपत्रक. म्हणून त्यांनी ती दोन साधनेच यादीत घातली आणि आर्थिक नियंत्रण अंदाजपत्रकाच्या पोटात ठेवले. नियंत्रण त्यांना नको होते असे नव्हे. त्यांनी त्याचे नाव बदलले आणि जागा बदलली.

एवढे समजले, की याद्या पाठ करण्याचे ओझे कमी होते. कोण कोठे उभा होता हे लक्षात ठेवले, की त्याची यादी मागोमाग येते.

आता परीक्षेच्या दालनात काय करावे, याकडे वळू. आम्ही मुलांना पायऱ्या सांगतो त्या चारच, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी परीक्षेच्या कितीतरी आधीची आहे : अभ्यासक्रमाचे मूळ पत्रक शब्दशः वाचणे. सीयूईटीच्या व्यवसाय अध्ययनाच्या अभ्यासक्रमात पहिल्याच घटकात व्यवस्थापनाची कार्ये म्हणून पाच नावे लिहिली आहेत आणि समन्वय, त्याचे स्वरूप व महत्त्व हा मुद्दा त्यांच्यानंतर वेगळा दिला आहे. ज्याने ही एक ओळ वाचली, त्याला आमच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शकाशिवाय मिळते. त्या परीक्षेपुरते घर कोणते, हे त्या ओळीनेच ठरवून टाकले आहे. आमच्या विद्यार्थिनीला आम्ही पुस्तके दिली, सराव दिला. पण हे पत्रक छापून दिले नव्हते, हा आमचा दोष.

दुसरी पायरी प्रश्नातील विशेषणांची. 'फेयॉल यांच्या मते', 'गुलिक यांच्यानुसार' असे शब्द दिसले, की अभ्यासक्रमाचे घर मागे पडते आणि त्या विचारवंताची यादी लागू होते. 'सार', 'बांधणारी शक्ती', 'सर्व स्तरांवर व सर्व कार्यांत व्यापलेला' असे शब्द दिसले, की प्रश्न कून्ट्झ-परंपरेतील आहे आणि उत्तर बहुधा समन्वयाकडे झुकते. कोणतेही नाव नसेल, तर पहिल्या पायरीवर ठरलेले घर कायम धरावे.

तिसरी पायरी पर्यायांच्या वाचनाची. एका जागी बसतील असे दोन पर्याय असतात, तेव्हा प्रश्नकर्त्याला नेमका कोणता फरक विचारायचा आहे, हे पर्यायच सांगतात. समन्वयाऐवजी त्याच जागी 'सहकार्य' हा पर्याय असेल, तर घराचा प्रश्नच उद्भवत नाही. चारपैकी कोणत्याही ग्रंथात सहकार्य हे व्यवस्थापनाचे कार्य नाही आणि उत्तर तेच. येथे मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक विशेष सूचना आहे. सीयूईटी मराठीतूनही देता येते. परंतु भाषांतरात संदिग्धता असल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. को-ऑर्डिनेशन म्हणजे समन्वय आणि को-ऑपरेशन म्हणजे सहकार्य. हे दोन शब्द दिसायला इतके जवळचे आहेत, की घाईत एकाच्या जागी दुसरा वाचला जातो. निर्देशन, दिग्दर्शन, संचालन असे एकाच इंग्रजी शब्दाचे दोन-तीन मराठी प्रतिशब्दही निरनिराळ्या पुस्तकांत आढळतात. म्हणून प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी उच्चार मुलांनी मराठी शब्दाबरोबरच पाठ करावा. यात मराठीचा कमीपणा नाही. प्रश्न कोणत्या शब्दावरून भाषांतरित झाला असावा, हे ओळखण्याची ती किल्ली आहे.

चौथी पायरी, वरील तिन्हींनी निर्णय झाला नाही तरच वापरायची. त्या परीक्षेच्या मागील वर्षांच्या अंतिम उत्तरतालिका पाहाव्यात. येथे 'अंतिम' हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरतो. बाजारातील मार्गदर्शकांच्या मागे छापलेली उत्तरे पुष्कळदा एकमेकांवरून उतरवलेली असतात आणि एका ठिकाणची चूक पाच ठिकाणी दिसते. पाच मार्गदर्शकांत तेच उत्तर आहे म्हणून ते पाच पुरावे होत नाहीत. मार्गदर्शकात लेखकाचे नाव न देता व्याख्या दिली असेल, तर तिच्यासाठी पाठ्यपुस्तकातील व्याख्या कधीही सोडू नये.

इतके करूनही दोन पर्यायांत मन अडकले, तर काय करावे? सीयूईटीत बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील आणि उरलेल्या दोघांत निवड करायची असेल, तर अशा प्रत्येक दोन प्रश्नांत सरासरी एक बरोबर व एक चूक धरली तरी चार गुण पदरी पडतात. म्हणून असा प्रश्न कोरा सोडू नये. आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत पाच गुण हुकले आणि एक वजा झाला, म्हणजे एका प्रश्नाने सहा गुणांचे अंतर पडले. तिने तेथे घालवलेली दहा मिनिटे त्याहून महाग होती. साठ मिनिटांच्या परीक्षेतील दहा मिनिटे म्हणजे सुमारे आठ प्रश्नांचा वेळ. दीड मिनिटात घर सापडले नाही, तर एक पर्याय निवडून, प्रश्नावर खूण ठेवून पुढे जावे.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. सर्वच अभ्यासक्रम इतके स्पष्ट नसतात. महाविद्यालयीन अध्यापनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या वाणिज्य अभ्यासक्रमात व्यवस्थापनाची तत्त्वे व कार्ये एवढेच म्हटले आहे; कोणती पाच की सहा, हे सांगितलेले नाही. तेथे विचारवंताच्या नावाविना प्रश्न आला, तर तो खरोखरच संदिग्ध असू शकतो. अशा वेळी तात्पुरती उत्तरतालिका जाहीर झाल्यावर आक्षेप नोंदवण्याचा मार्ग असतो. राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या परीक्षांत त्यासाठी अलीकडे प्रति प्रश्न २०० रुपये शुल्क घेतले जाते. आक्षेप मान्य झाला, तर सुधारित तालिका सर्व परीक्षार्थींना लागू होते. सीयूईटीत एकाहून अधिक पर्याय बरोबर ठरले, तर त्यांपैकी कोणताही निवडणाऱ्यांना गुण मिळतात.

परंतु आक्षेप कशाच्या बळावर घ्यायचा, हे नीट समजले पाहिजे. 'आमच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात समन्वय हे कार्य दिले आहे' असा आक्षेप आमच्या विद्यार्थिनीने सीयूईटीत घेतला, तर तो टिकणार नाही. कारण त्या परीक्षेच्या स्वतःच्या अभ्यासक्रमात पाचच नावे आहेत. तिचे २०० रुपये वाया जातील. याउलट नावाविना आलेल्या प्रश्नात अभ्यासक्रमाशी सुसंगत असे दोन पर्याय बरोबर ठरत असतील, आणि तसे ग्रंथाचे नाव, आवृत्ती व पृष्ठासह दाखवता येत असेल, तर आक्षेप अवश्य घ्यावा. असे २०० रुपये एका मुलाच्या खिशातून जाण्यापेक्षा माजी विद्यार्थ्यांनी उचलावेत, असे आम्हाला वाटते.

हेच अंतर उलट दिशेनेही घातक ठरते, आणि पालकांनी ते विशेष लक्षात घ्यावे. सीयूईटीची तयारी करता करता पाच कार्यांची सवय लागलेला एक मुलगा राज्य मंडळाच्या सराव परीक्षेत व्यवस्थापनाची कार्ये स्पष्ट करताना समन्वय गाळून आला. सहा मुद्यांच्या उत्तरात एक मुद्दा गेला, म्हणजे त्याचे गुण गेले. त्याला वाटले, अधिक मोठ्या परीक्षेचे उत्तर अधिक खरे असणार. मंडळाच्या परीक्षेत मंडळाच्या पुस्तकाचे घर. तेथे सहाही कार्ये लिहावीत. दीर्घोत्तरी प्रश्नात जागा असते, म्हणून शेवटी 'काही विचारवंत समन्वयाला स्वतंत्र कार्य न मानता सर्व कार्यांचे सार मानतात' असे एक वाक्य जोडल्यास काही बिघडत नाही. वस्तुनिष्ठ प्रश्नात अशी जागा नसते, आणि म्हणूनच तेथे घर ओळखावे लागते.

आमच्या या सांगण्यावर एक आक्षेप घेतला जातो, तोही मांडतो. आपल्यातील एका ज्येष्ठ शिक्षकांनी आम्हाला विचारले, "तुम्ही मुलांना सत्य शिकवता की परीक्षकाच्या मनातले ओळखायला शिकवता?" प्रश्न रास्त आहे. परंतु व्यवस्थापनाच्या संज्ञा पाण्याच्या उत्कलनबिंदूसारख्या नाहीत. माणसांनी आपापल्या कामाच्या सोयीसाठी केलेल्या त्या मांडण्या आहेत. समन्वय हे सहावे कार्य आहे, हे विधान सुटे उभे राहू शकत नाही; फेयॉल यांच्या मांडणीत ते कार्य आहे, हे विधान पूर्ण आणि खरे आहे. मांडणाऱ्याचे नाव व्याख्येला जोडले, की तीच गोष्ट परीक्षेसाठीही उपयोगी पडते आणि ज्ञान म्हणूनही टिकते. उलट नाव पुसून 'व्यवस्थापनाची कार्ये इतकी असतात' असे शिकवणे, हीच खरी घोकंपट्टी होय. आम्ही स्वतः तशीच शिकवत आलो, हे कबूल करतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. आपल्या वसतिगृहातील बहुतेक मुलांच्या घरी बारावीच्या पलीकडचे पुस्तक पहिल्यांदाच येत असते. अशा मुलाला दोन पुस्तकांत दोन गोष्टी दिसल्या, की तो लेखकांवर शंका घेत नाही. स्वतःवर घेतो, किंवा आपल्या मराठी पुस्तकावर, आपल्या शाळेवर घेतो. शहरातील शिकवणीत बसणाऱ्या मुलाला कोणीतरी सहज सांगून जाते, की 'तिथे पाच लिही, इथे सहा लिही'. हे एक वाक्य ज्याच्या कानावर पडले नाही, तो हुशार असूनही मागे राहतो आणि आपण मागे का राहिलो, हे त्याला कधी कळत नाही. सहा गुणांपेक्षा मोठे नुकसान आम्ही म्हणतो ते हे.

म्हणून आमचे मागणे मर्यादित आहे. अभ्यासिकेत वाणिज्य शाखेसाठी एक सामाईक वही ठेवावी. प्रत्येक पानावर एक संज्ञा आणि तिच्याखाली तीन रकाने : राज्य मंडळाचे पुस्तक काय म्हणते, एनसीईआरटी काय म्हणते, आणि मूळ विचारवंत कोण व तो काय म्हणतो. प्रत्येक नोंदीपुढे पृष्ठ क्रमांक असावा. दोन्ही पाठ्यपुस्तके संबंधित संस्थांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. त्यांच्या छापील प्रती आणि चालू वर्षाची अभ्यासक्रम पत्रके अभ्यासिकेत ठेवण्याचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. महागडे मार्गदर्शक भेट देण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि अधिक उपयोगाचे आहे. पालकांना विनंती अशी, की मुलाने 'प्रश्नच चुकीचा होता' असे सांगितले, तर त्याला बहाणा समजून रागावू नये. त्याला पुस्तक आणि पान दाखवायला सांगावे. ते दाखवता दाखवता बहुतेक वेळा त्याचे उत्तर त्यालाच सापडते.

वहीचे पहिले पान भरले गेले आहे. संज्ञा समन्वय, आणि हस्ताक्षर त्याच मुलीचे. तिसऱ्या रकान्यात तिने फेयॉल, गुलिक आणि कून्ट्झ-ओ'डॉनेल ही नावे लिहून प्रत्येकापुढे वर्ष टाकले आहे. दुसऱ्या पानावर तिने 'निर्देशन' ही संज्ञा घेतली आहे. त्या पानाचे रकाने अजून रिकामे आहेत.